अपडेटची सूचना दुकान वाढवताना दाखवा

प्रश्न: आम्ही इंदूरमध्ये मेडिकल दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. नवी आवृत्ती आली की प्रोग्राम उघडतानाच खिडकी येते: ‘आत्ता अपडेट करा’ किंवा ‘नंतर’. दुकानदार पाच-पाच, सहा-सहा महिने ‘नंतर’ दाबत राहतात आणि मग कधीच दुरुस्त केलेल्या चुकांसाठी आमच्या सपोर्टला फोन करतात. खिडकी मोठी केली, लाल केली, रोज दाखवली. फरक पडला नाही. लोक असं का करतात? सूचना कशी असावी? की शेवटी सक्तीच करावी लागते?

उत्तर:

सक्तीचा विचार करण्याआधी खिडकीची वेळ बदला. मी बरीच वर्षं काउंटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्क्रीन आखतो आहे, मेडिकल, किराणा, पॅथॉलॉजी लॅब असं सगळं. अपडेट रखडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला वेळेतच सापडत आलं आहे. रंग, आकार, मजकूर हे सगळं त्याच्या मागून येतं.

तुमची खिडकी नेमकी कुठे उगवते ते एकदा दुकानात उभं राहून बघा. एमवाय हॉस्पिटलच्या आसपासचं एखादं मेडिकल घ्या. सकाळी नऊला शटर वर जातं. काउंटरवरचा मुलगा आधी यूपीएस चालू करतो, मग कॉम्प्युटर. तो सुरू होईपर्यंत उदबत्ती लावतो, झाडू मारून घेतो. तेवढ्यात ओपीडीची चिठ्ठी घेऊन दोघं जण समोर येऊन उभे राहिलेले असतात. प्रोग्राम उघडतो आणि बिलाच्या स्क्रीनवर मधोमध तुमची खिडकी येते. मुलगा ती वाचत नाही. त्याचं बोट आधीच एंटरवर किंवा एस्केपवर असतं. खिडकी पूर्ण उमटायच्या आत ती गेलेली असते. त्याला विचारलंत की आत्ता काय आलं होतं, तर तो म्हणेल, ‘कुछ नहीं, वो रोज आता है.’

त्याने अपडेटला नकार दिलेला नाही. समोर गिऱ्हाईक असताना बिल थांबवायला नकार दिला आहे, आणि तो योग्यच आहे. गडबड अशी की दुसऱ्या दिवशी सकाळीही नेमका हाच क्षण असतो, तिसऱ्या दिवशीही. तुम्ही रोज विचारता, पण रोज दिवसातल्या सगळ्यात वाईट मिनिटाला. म्हणून सहा महिन्यांनीही उत्तर तेच येतं. आपण प्रोग्रामर मंडळी ही तपासणी प्रोग्राम सुरू होताना करतो, कारण कोड लिहायला ती जागा सोयीची असते. वापरणाऱ्याच्या दिवसाशी तिचा काही संबंध नसतो.

या गोष्टीचा नीट अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगल क्रोमच्या अभियंत्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये सुरक्षेच्या सूचनांवर काम प्रसिद्ध केलं. माणूस एका ठिकाणचा कोड दुसरीकडे भरत असताना मध्येच सूचना आली, तर ८७ टक्के लोकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. व्हिडिओ संपल्यावर, पान उघडायची वाट बघत असताना, म्हणजे डोक्याला जरा उसंत असताना तीच सूचना आली तेव्हा लोकांनी तिच्याकडे कितीतरी जास्त लक्ष दिलं. सूचना तीच आणि माणसंही तशीच. फरक फक्त क्षणाचा होता. मेडिकलवाल्याचं काम तर दिवसभर हेच असतं, चिठ्ठीवरचं नाव वाचायचं आणि बॅच नंबर बघून स्क्रीनवर भरायचं.

मग उसंत कधी असते? दुपारी नसते. दुपारी दुकान रिकामं दिसलं तरी तेव्हा दवा बाजारातून माल आलेला असतो आणि त्याची एंट्री चाललेली असते. खरी उसंत दिवस बंद करताना असते. रात्री साडेनऊ-पावणेदहाला मालक गल्ला मोजतो, दिवसाचा रिपोर्ट काढतो, रोख आणि यूपीआय ताळ्याला लावतो. तो आकडा जुळला की कॉम्प्युटरचं काम संपतं, पण माणूस मात्र आणखी दहा-पंधरा मिनिटं दुकानात असतो: फ्रीज बघणं, बाहेरचा स्टँड आत घेणं, कुलपं. तुमच्या अपडेटची जागा तिथे आहे. दिवसाचा रिपोर्ट छापून झाला आणि फरक शून्य आला की मगच, त्याच स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी येऊ द्या. हिशेब जुळला नसेल तर त्या रात्री पट्टी दाखवूच नका. आकडा न जुळलेल्या माणसाला दुसरं काही विचारू नये.

या एका बदलाचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तो वेळेइतकाच मोठा आहे. सकाळी खिडकीसमोर पगारी मुलगा असतो, रात्री रिपोर्टसमोर मालक असतो. मुलाच्या बाजूने विचार करा. त्याने अपडेट केलं आणि बिल छापताना ओळी खाली सरकल्या, तर बोलणी त्याला बसणार. त्याने अपडेट नाही केलं तर वर्षभरात कुणी एक शब्द बोलणार नाही. अशा स्थितीत ‘नंतर’ दाबणं हेच त्याच्यासाठी शहाणपणाचं आहे, आणि तुम्ही खिडकी कितीही लाल केली तरी ते बदलणार नाही. ज्याला होय म्हणायचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत सूचना पोचतच नव्हती. त्यामुळे पट्टी फक्त मालकाच्या लॉगिनमध्ये आणि मुख्य कॉम्प्युटरवर दाखवा. काउंटरच्या स्क्रीनवर काहीच नको.

आता पट्टीवर काय विचारायचं. ‘आत्ता की नंतर’ असं विचारलं की उत्तर कायम नंतरच येतं, कारण नंतर म्हणजे कधी याची नोंद कुणीच करत नाही, तुमचा प्रोग्रामही नाही. त्याऐवजी कोणत्या रात्री ते विचारा. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर फ्लूच्या लशीचा प्रयोग झाला होता. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. लशीचं केंद्र, दिवस, वेळ सगळ्यांना कळवलं होतं. काही जणांच्या पत्रात फक्त एक रिकामी जागा जास्त होती: तुम्ही कोणत्या तारखेला, किती वाजता जाल ते इथे लिहा. तो कागद कुणी परत मागितला नाही. तरी त्या लोकांमध्ये लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी वर गेलं, ३३ वरून ३७ पर्यंत. फरक डोळे दिपवणारा नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच मिळेल असा दावा मी करणार नाही. पण तारीख लिहून घेण्याला खर्च शून्य आहे, आणि प्रोग्रामच्या हातात कागदाला नसलेली एक गोष्ट आहे: ठरलेल्या रात्री तो स्वतः आठवण देऊ शकतो.

पट्टीचा मजकूर साधारण असा ठेवा. इंदूरच्या दुकानात स्क्रीन हिंदीत असेल, तसाच ठेवा; इथे मराठीत लिहितो.

‘नवी आवृत्ती उतरून तयार आहे. या कॉम्प्युटरवर सुमारे ६ मिनिटं लागतील. बिलाचा छापा आणि प्रिंटरची सेटिंग तशीच राहील. एक्स्पायरी रिपोर्टमध्ये जुना स्टॉक दोनदा दिसत होता, ते दुरुस्त झालं आहे.’

खाली तीन बटणं: ‘करा, नंतर कॉम्प्युटर आपोआप बंद होईल’, ‘उद्या रात्री’, ‘दुसरी रात्र निवडा’. तारीख नसलेलं बटण नाहीच. आणि तिन्हीपैकी एकावरही आपोआप एंटर लागेल असा फोकस ठेवू नका, म्हणजे सवयीने दाबलेल्या एंटरने निर्णय होणार नाही.

यातला प्रत्येक तुकडा एखाद्या खऱ्या भीतीवरचं उत्तर आहे. ‘उतरून तयार आहे’ म्हणजे आता इंटरनेटची वाट बघायची नाही. डाउनलोड दिवसभरात मागे, हळूहळू होऊ द्या. विंडोजमध्ये यासाठी BITS नावाची सेवा आहे, ती नेटवर्क मोकळं असेल तेव्हा फाईल ओढते आणि लाईट गेली तरी नंतर तिथूनच पुढे चालू करते. मुख्य कॉम्प्युटरने एकदा उतरवावं आणि काउंटरनी त्याच्याकडून घ्यावं. चार कॉम्प्युटरनी तीच फाईल चारदा इंटरनेटवरून ओढायची गरज नाही.

‘सुमारे ६ मिनिटं’ हा आकडा ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर मोजू नका. दुकानात आठ वर्षं जुनं मशीन असतं, जुनी हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. तिथे सगळ्यात जास्त वेळ प्रोग्रामच्या फाईली बदलायला लागत नाही; तो बॅकअपला आणि डेटाबेसमध्ये नवे कॉलम भरायला लागतो. प्रत्येक अपडेटला त्या मशीनवर किती वेळ गेला ते तिथेच साठवा आणि पुढच्या वेळी तोच दाखवा, थोडा वाढवून. सहा सांगून पाचमध्ये झालं तर माणूस पुढच्या वेळी विश्वास ठेवतो. दोन सांगून अकरा लागले, तर मालक कुलूप हातात घेऊन स्क्रीनकडे बघत उभा राहतो आणि ती रात्र तो वर्षभर विसरत नाही.

‘बिलाचा छापा तसाच राहील’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अनेक दुकानांत अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि आधीच छापलेली अर्ध्या पानाची बिलं आहेत. वरचा समास दोन ओळींनी हलला की औषधाचं नाव ड्रग लायसन्स नंबरच्या रकान्यावर जाऊन बसतं. अपडेटनंतर असं एकदा जरी झालं असेल, तर त्या दुकानदाराच्या लेखी अपडेट म्हणजे छापा बिघडणं. तुम्ही पुढे काय दुरुस्त केलं याच्याशी त्याला घेणं राहत नाही. साध्या विंडोज वापरणाऱ्यांच्या मुलाखतींवरून २०१४ मध्ये हेच समोर आलं होतं: एका अपडेटने अचानक काहीतरी बदललं की लोक पुढची अपडेटं टाळू लागतात, आणि त्यात सुरक्षेची अपडेटंही जातात. म्हणून नुसतं आश्वासन देऊ नका. अपडेट झालं की आजचंच शेवटचं बिल नमुना म्हणून एकदा छापा आणि विचारा, ‘बरोबर आलं?’ ‘नाही’ म्हटलं की जुनी आवृत्ती परत यायला हवी, सपोर्टला फोन न करता. जुन्या आवृत्तीचं फोल्डर निदान एक महिना तसंच ठेवा.

इथे एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगतो. मुख्य कॉम्प्युटरवर रात्री अपडेट झालं, पण काउंटर तेव्हा बंद होते. सकाळी नऊला ते उघडले की ‘आवृत्ती जुळत नाही’ म्हणून अडून बसतात आणि तुम्ही पुन्हा त्याच वाईट मिनिटाला येऊन ठेपता. यावर वरवरचा उपाय नाही. डेटाबेसच तसा बदलावा लागतो. नव्या आवृत्तीने फक्त नवे कॉलम वाढवावेत, जुन्यांची नावं बदलू नयेत, काढू नयेत. म्हणजे जुन्या आवृत्तीचा काउंटर नव्या डेटाबेसवर दिवसभर बिलं करू शकतो आणि रात्री बंद होताना गुपचूप स्वतःला बदलून घेतो. जुने कॉलम काढायचे असतील तर ते एक आवृत्ती सोडून पुढच्या वेळी. यात तुमच्या प्रोग्रामरना काम जास्त आहे हे मला माहीत आहे. पण हे केल्याशिवाय रात्रीची पट्टी नुसती शोभेची राहते.

दुसरी अडचण मध्यरात्रीच्या अपडेटची. ‘रात्री दोनला आपोआप’ ही कल्पना फोनवर चालते, कारण फोन रात्री चार्जिंगला लावलेला असतो. दुकानात मात्र जाताना मेन स्विच बंद करतात. दोन वाजता मशीनला वीजच नसते. शिवाय दुकानदार सांगतो की आम्ही रोज कॉम्प्युटर बंद करतो, मग रीस्टार्ट वेगळं कशाला? विंडोज ८ पासून बहुतेक मशीनवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ‘पुढच्या बूटला फाईल बदला’ असं तुमच्या इन्स्टॉलरने लिहून ठेवलं असेल तर ते होतच नाही. त्यासाठी खरं रीस्टार्ट लागतं. दुकानात गेलात की ही ओळ चालवून बघा:

```
systeminfo | find "System Boot Time"
```

रोज बंद होणाऱ्या मशीनवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दिसली तर समजा की हेच चाललं आहे. शक्य तिथे रीस्टार्टची गरजच ठेवू नका: नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये पूर्ण बसवा आणि शेवटी फक्त शॉर्टकट नव्या फोल्डरकडे वळवा. अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये याच धर्तीची सोय आली: दोन जागा, एकीवर फोन चालतो, दुसरीवर अपडेट बसतं, आणि वापरणाऱ्याचा वेळ फक्त एका रीस्टार्टपुरता जातो.

आता हे सगळं एका दुकानात कसं घडेल ते बघू. मुख्य कॉम्प्युटर मागे, पुढे तीन काउंटर. आवृत्ती तुम्ही ३ तारखेला सोडली. ५ तारखेपर्यंत ती मुख्य कॉम्प्युटरवर उतरली आणि तपासून झाली. दुकानात कुणाला पत्ताही नाही. ५ तारखेच्या रात्री हिशेब जुळला, पट्टी आली. मालकाला घरी जायची घाई होती, त्याने ‘दुसरी रात्र निवडा’ दाबलं. पुढच्या पंधरा दिवसांची छोटी यादी उघडली. ११ आणि २० तारखेसमोर बारीक खूण आहे, कारण त्या जीएसटी रिटर्नच्या तारखा आणि त्या सुमाराला कुणी कशाला हात लावत नाही. त्याने रविवार निवडला, रविवारी तो दुपारी दोनलाच दुकान वाढवतो. मधल्या रात्री पट्टी आलीच नाही. हे पाळणं अत्यावश्यक आहे: तारीख दिल्यावरही रोज विचारत राहिलात, तर तारीख देण्यात काही अर्थ नाही असं तो शिकतो.

रविवारी दुपारी रिपोर्ट छापून झाल्यावर पट्टी म्हणाली, ‘तुम्ही आजचा दिवस निवडला होता. ६ मिनिटं.’ त्याने ‘करा’ दाबलं. आधी बॅकअप, मग डेटाबेसचे नवे कॉलम, मग प्रोग्राम, मग नमुन्याचं बिल. प्रिंटरमधून कागद आला, रकाने जागेवर होते, त्याने ‘बरोबर’ दाबलं आणि दिवे मालवायला गेला. कॉम्प्युटर स्वतः बंद झाला. त्या दिवशी डिस्क भरलेली असती किंवा मध्येच लाईट गेली असती, तर सोमवारी सकाळी जुनीच आवृत्ती नेहमीसारखी उघडली असती आणि मालकाला कारण रात्री कळलं असतं. सकाळी बिल झालंच पाहिजे, या अटीला कुठलाही अपवाद ठेवू नका.

कारण सांगण्याबद्दल थोडं. ‘सुधारणा आणि बग फिक्स’ असं लिहून कुणीही हलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ आठवा. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि महिनोन्‌महिने जुनी आवृत्ती चालवणाऱ्या दुकानदारांनी स्वतः फोन करून अपडेट मागितलं. ते आळशी नव्हते हे तेव्हाच दिसलं. कारण त्यांच्या धंद्यातलं होतं, तारीख ठरलेली होती आणि न केल्याचं नुकसान दुसऱ्याच दिवशी बिलावर दिसणार होतं. प्रत्येक आवृत्तीत असं काही नसतं, आणि नसेल तेव्हा ते असल्याचा आव आणू नका. पण त्या दुकानाने गेल्या महिन्यात सपोर्टला ज्या तक्रारीसाठी फोन केला होता ती या आवृत्तीत गेली असेल, तर पट्टीवर नेमकं तेच लिहा. तुमच्या तक्रारींच्या नोंदी आणि आवृत्तीची यादी जोडली की हे आपोआप होऊ शकतं.

सुरक्षेची दुरुस्ती मात्र वेगळी काढा. ती नव्या सोयींबरोबर एकाच गाठोड्यात बांधली की नव्या मेनूला कंटाळलेला माणूस सुरक्षेलाही मुकतो. वॉनाक्रायचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातल्या तारखा बघण्यासारख्या आहेत: मायक्रोसॉफ्टने विंडोजची ती भेग बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला दिलं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मधले ५९ दिवस लाखो मशीनवर ते अपडेट लागलंच नव्हतं. सुरक्षेची दुरुस्ती लहान ठेवा, दिसणाऱ्या स्क्रीनला हात लावू नका, आणि ती न विचारता दुकान बंद होताना लागू द्या. ही परवानगी सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवतानाच एकदा घ्या. छाप्याला धक्का लागत नाही याची खात्री असेल तर याला कुणाची हरकत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग सक्तीचं काय? शेवटची तारीख असावी, पण ती पहिल्याच दिवशी सांगितलेली असावी. ‘३० तारखेपर्यंत कधीही करा, त्यानंतर त्या रात्री दुकान बंद करताना आपोआप होईल’ हे पट्टीवर आधीपासून लिहिलेलं असेल तर ती सक्ती वाटत नाही. जवळ येत जाईल तसं सूचनेचं रूपही बदला, कारण रोज एकाच जागी एकाच रंगात दिसणारी गोष्ट डोळा गाळून टाकतो. क्रोमने हे संयमाने केलं: कोपऱ्यातली अपडेटची खूण आधी हिरवी, काही दिवसांनी नारिंगी, आठवडा उलटला की लाल. काम अडवत नाही, पण किती दिवस झाले ते सांगते. तुम्ही पहिल्याच दिवशी लाल केलंत. त्यानंतर वाढवायला काही शिल्लकच राहिलं नाही.

एक गोष्ट कधीही करू नका. २०१६ मध्ये विंडोज १० च्या अपग्रेडची जी खिडकी येत होती, तिची फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. लोक प्रचंड चिडले, आणि कित्येकांनी त्यानंतर अपडेट पूर्णच बंद करून टाकलं. फुलीचा अर्थ नाही असाच राहिला पाहिजे. तसंच सूचनेत फोन नंबर, लिंक किंवा ओटीपीची मागणी नको. स्क्रीन शेअर करायला लावून पैसे उडवणाऱ्यांच्या गोष्टी आता प्रत्येक दुकानदाराने ऐकल्या आहेत, आणि खोट्या अपडेटला घाबरून तो खरं टाळत असेल तर त्याची सावधगिरी बरोबर आहे. सूचना फक्त प्रोग्रामच्या आत असावी, आणि ‘मदत’ मेनूमध्ये जाऊन तोच आवृत्ती क्रमांक त्याला पडताळता यावा.

हे सगळं लागू पडतंय का ते कसं कळेल? प्रत्येक वेळी पाच गोष्टी नोंदवा: पट्टी कधी दिसली, किती सेकंदांनी उत्तर आलं, कोणती रात्र निवडली, त्या रात्री मशीन चालू होतं का, आणि अपडेट पूर्ण झालं का. दुसरा आकडा सगळ्यात बोलका. एका सेकंदाच्या आत उत्तर येत असेल तर ते वाचून दिलेलं नाही. वेळ किंवा जागा अजून चुकते आहे. रात्र निवडली जाते पण त्या रात्री मशीन बंद, असं वारंवार दिसलं तर तुम्ही दुकान वाढवायची वेळ चुकीची धरली आहे. आधी निम्म्या दुकानांना नवी पट्टी द्या, निम्म्यांना जुनी खिडकी राहू द्या, आणि सरासरी बघू नका. निम्मी दुकानं किती दिवसांत अपडेट झाली ते बघा, आणि दोन महिन्यांनंतरही कोण उरलं ते बघा.

ते उरलेले वेगळे काढा. त्यांच्यावर कुठल्याही पट्टीचा उपयोग होणार नाही. कुणाची डिस्क भरलेली असेल, कुणी अजून विंडोज ७ वर असेल, कुणाचा अँटिव्हायरस तुमची फाईल अडवत असेल, कुणाच्या मशीनवर लिहिण्याचा अधिकारच नसेल. तिथे ‘करा’ दाबलं जातं आणि काही होत नाही, आणि तुमच्या नोंदीत ते टाळाटाळ म्हणून दिसतं. अशा दुकानांची यादी सपोर्टच्या मुलांना द्या आणि दुपारी साडेतीन-चारला फोन करायला सांगा, सकाळी नको.